दहाव्या बीमला कोन संपले: सुताची लांबी वजनावरून काढताना आमचं कुठे चुकलं

इचलकरंजीत एका सायझिंगमध्ये मी वार्पिंगचा, म्हणजे कोनवरचं सूत उभ्या तारांच्या बीमवर गुंडाळण्याचा, हिशेब बघतो. व्यापाऱ्याचं सूत आलं की किती मीटरचा सेट निघेल, बीमवर किती मीटर घ्यायचे, बाकी किती राहील, हे कागदावर मांडून वार्परच्या हातात देणं हे माझं काम. मार्चअखेरीला आमच्याकडे एक सेट दहाव्या बीमवर अडकला. दोष कुणाचा यावर दोन दिवस वाद झाला आणि आधी ज्याला दोष दिला तो चुकीचा निघाला. त्या सेटचा हिशेब इथे पूर्ण मांडतो, कारण अशी चूक आमच्यासारख्या कितीतरी ठिकाणी रोज थोडीथोडी होत असते आणि ती 'घट' या एका शब्दात खपून जाते.

सूत होतं ४० काउंटचं, कॉटन, कार्डेड. एका लॉटची चौदा पोती आली होती. पोत्यात ४० कोन, प्रत्येक कोनवर चिठ्ठी: निव्वळ १.२५० किलो. म्हणजे पोतं बरोबर ५० किलोचं. आमच्या क्रीलवर, म्हणजे कोन लावायच्या मांडणीवर, ४८० कोन बसतात, म्हणून बारा पोती क्रीलवर चढली आणि दोन गोदामात राहिली. कापडाला ४,८०० तार हवे होते, म्हणजे ४८० तारांचे दहा वार्पर बीम. हे दहा बीम पुढे सायझिंगला एकत्र लागतात, त्यांची कांजी होते आणि मग मागावर जाणारे बीम तयार होतात. दहाही बीमवर लांबी सारखी असावी लागते. एक जरी कमी पडला तर उरलेल्या नऊंवरचं जास्तीचं सूत अडकून बसतं.

लांबी काढायची रीत सगळ्यांना माहीत आहे, तरी एकदा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कॉटनचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डाच्या किती लडी बसतात तो आकडा. ४० काउंट म्हणजे पौंडाला ४० लडी. ८४० यार्ड म्हणजे ७६८.१ मीटर आणि पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम. भागाकार केला की एक काउंटच्या सुताचे ग्रॅमला १.६९३ मीटर निघतात. म्हणून:

लांबी (मीटर) = १६९३ × काउंट × निव्वळ वजन (किलो)

आमच्या कोनला हे लावलं तर १६९३ × ४० × १.२५० = ८४,६५० मीटर. दहा बीमने भागलं की बीमला ८,४६५. मी ८,४०० मीटरचा सेट लिहून दिला. कोनवर साडेसहाशे मीटर राहतील, तेवढं पुरे, असं धरलं.

नऊ बीम बिनबोभाट झाले. दहाव्याला मीटरवर ५,७०० दिसत असताना वार्पर ऑफिसच्या दारात आला. "मालक, कोन संपायला लागल्यात. चार-पाच गेल्या, बाकीच्यावर पण कागद दिसाय लागलाय." जाऊन बघितलं तर खरंच, क्रीलवर जागोजागी सुताच्या पातळ थरातून कोनचा पुठ्ठा डोकावत होता. झालेले मीटर: नऊ बीमचे ७५,६०० आणि हे ५,७००, एकूण ८१,३००. चिठ्ठीवरून निघालेल्या लांबीपेक्षा ३,३५० मीटर कमी, म्हणजे जवळजवळ चार टक्के.

पहिला संशय मीटरवर घेतला. तो घ्यायलाच हवा, कारण मोजणारा रोलर घसरत असेल किंवा त्याचा घेर झिजला असेल तर आपण लिहितो त्यापेक्षा जास्त सूत बीमवर जातं आणि मग गिरणीला बोल लावणं हा अन्याय ठरतो. रोलरवर खडूने खूण केली, घेर टेपने मोजला, हाताने पन्नास फेरे फिरवून मीटरचा आकडा पडताळला. फरक नव्हता. आधीच्या दोन सेटचे कागद काढले, दुसऱ्या गिरणीचं सूत होतं, तिथे हिशेब आणि मीटर जुळत होते. मग राहिल्या दोनच गोष्टी, वजन आणि काउंट. गुणाकारात तिसरं काही नाहीच.

वजनापासून सुरुवात केली. क्रीलवरचे कोन संपत आलेले, त्यांचा उपयोग नव्हता. पण गोदामातली दोन पोती त्याच लॉटची, न उघडलेली होती. त्यातले वीस कोन वेगवेगळ्या थरांतून काढून एकेक वजन केलं. पुठ्ठा आणि वरची प्लास्टिक पिशवी धरून सरासरी भरली १.२८० किलो. म्हणजे गिरणीने बारदान ३० ग्रॅम धरलेलं. क्रीलखाली पडलेले दहा रिकामे पुठ्ठे आणि दहा पिशव्या काट्यावर ठेवल्या तर ४२० ग्रॅम, म्हणजे कोनला ४२. बारा ग्रॅमचा फरक म्हटला तर काहीच नाही, पण सव्वा किलोवर तो एक टक्का होतो आणि एक टक्का म्हणजे कोनला साडेआठशे मीटरच्या आसपास. खरं निव्वळ वजन सरासरी १.२३८ निघालं. वीसमधला सर्वांत हलका कोन १.२२५ किलोचा, सर्वांत भारी १.२४९ चा.

सरासरीपेक्षा तो हलका कोनच मला महत्त्वाचा वाटतो. क्रील सरासरीवर चालत नाही. पहिला कोन संपला की मशीन थांबतं. चार-पाच कोन संपले तर गाठ मारून पुढे जाता येतं, पण पन्नास संपले की काम थांबलंच. म्हणून सेटची लांबी ठरवताना सरासरी वजन धरणं हीच चूक. हलक्यातला हलका धरावा.

आता काउंट. रॅप रीलवर १२० यार्डाची ली घेतात. रीलचा घेर दीड यार्ड, फेरे ८०. अशा सात लींची एक लड. पौंडाचा सातवा भाग म्हणजे ६४.८ ग्रॅम, म्हणून ६४.८ ला लीच्या ग्रॅममधल्या वजनाने भागलं की काउंट मिळतो. बरोबर ४० काउंटची ली १.६२ ग्रॅमची हवी.

दहा कोनमधून दहा ली काढल्या. आमच्याकडचा काटा दोन दशांशांचा आहे. त्यावर एकेक ली तोलली तर १.६३ आणि १.६४ मधला फरकच जवळजवळ पाव काउंटने चुकवू शकतो. म्हणून मी दहाही ली एकत्र ठेवतो आणि ६४८ ला त्या वजनाने भागतो. दहांचं वजन १६.३२ ग्रॅम आलं. काउंट ३९.७. गिरणीचं सूत ठीक आहे, असाच याचा अर्थ होतो. इतका फरक कुठल्याही लॉटमध्ये असतो.

पण मग हिशेब जुळेना. १६९३ × ३९.७ × १.२२५ केलं तर सर्वांत हलक्या कोनवर ८२,३३५ मीटर निघायला हवेत, आणि कोन तर ८१,३०० लाच संपत होते. हजारभर मीटर कुठे गेले? व्यापारी तोवर येऊन बसला होता. त्याचं म्हणणं, वार्पिंगला तुमच्याकडे तूट जास्त झाली असेल. वार्परने वेस्टचं पोतं आणून समोर ओतलं. सगळं मिळून किलोभरही नव्हतं.

उत्तर सापडलं ते लीच्या वजनातच. दहा ली काढायला आम्हाला वीस-पंचवीस मिनिटं लागली होती. मार्चची दुपार, ऑफिसात पंखा चालू, आणि काढलेल्या ली टेबलावर एकापुढे एक मांडून ठेवलेल्या. दीड ग्रॅमच्या सुताला वाळायला कितीसा वेळ लागतो? सव्वा किलोचा घट्ट गुंडाळलेला, वर प्लास्टिक चढवलेला कोन महिनाभर आतला ओलावा धरून राहतो. त्याच कोनमधून निघालेली मोकळी ली पंख्याखाली काही मिनिटांत हवेशी जुळवून घेते. म्हणजे आम्ही वजन केलं ओल्या कोनचं आणि काउंट काढला वाळलेल्या लीचा. दोन वेगळ्या स्थितींतले आकडे एकमेकांना गुणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंखा बंद करून पुन्हा केलं. कोनवरचा वरचा थर काढून टाकला, कारण पिशवी उघडली की तोच आधी वाळतो. ली निघाली की लगेच छोट्या झिप पिशवीत टाकून तोंड बंद केलं. दहाही झाल्यावर पिशव्यांसकट वजन घेतलं आणि रिकाम्या पिशव्यांचं वजन वजा केलं. आकडा आला १६.५३ ग्रॅम. काउंट ३९.२.

१६९३ × ३९.२ × १.२२५ = ८१,२९८ मीटर. क्रीलवर पहिले कोन संपले ते ८१,३०० ला. इतका तंतोतंत मेळ बसणं हा थोडा योगायोग आहे, वीस कोनांतला हलका कोन हाच काही ४८० मधला सर्वांत हलका नसतो. पण मेळ कुठे लागतो ते कळलं. सरासरी कोनची लांबी १६९३ × ३९.२ × १.२३८ म्हणजे ८२,१६० मीटर.

ओलावा कधी लांबी बिघडवतो आणि कधी नाही

यावर थोडं थांबून बोलतो, कारण आमच्या धंद्यात ओलाव्याचा उल्लेख निघाला की लोक एकदम टक्के वजा करायला लागतात. लांबी म्हणजे कोनचं वजन भागिले एका मीटरचं वजन. सूत ओलं असेल तर कोन जड होतो आणि मीटरही त्याच प्रमाणात जड होतो. भागाकारात ओलावा वर-खाली कटून जातो. म्हणून फक्त लांबी हवी असेल तर ओलावा मोजायची गरजच नाही. कोन आणि ली एकाच वेळी, एकाच स्थितीत तोलल्या की पुरे. घोळ होतो तो ओलं वजन आणि चिठ्ठीवरचा काउंट एकत्र वापरला की, किंवा आमच्यासारखा लीला वारा लागू दिला की.

ओलावा खरोखर मोजावा लागतो तो दुसऱ्या प्रश्नासाठी: पैसे कशाचे दिले? तो प्रश्न व्यापाऱ्याचा होता. ३९.२ आकडा बघितल्यावर तो म्हणाला, "गिरणीनं जाड सूत घातलंय, काउंटचा क्लेम लावतो." मी त्याला एक दिवस थांबवलं आणि त्या दहा ली चाचणीला दिल्या. तिथे १०५ अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात. पूर्ण कोरडं वजन आलं १४.९९ ग्रॅम. म्हणजे १६.५३ मध्ये पाणी १.५४ ग्रॅम, कोरड्या वजनावर १०.३ टक्के. कॉटनच्या व्यवहारात मान्य ओलावा ८.५ टक्के धरतात. कोरड्या १४.९९ वर ८.५ टक्के चढवले की १६.२६ होतात, आणि त्यावरून काउंट येतो ३९.८५.

म्हणजे गिरणीने सूत जवळजवळ बरोबर चाळीसचंच काढलं होतं. काउंटचा क्लेम लावला असता तर गिरणीने आपल्या प्रयोगशाळेत ली तासभर नियमित हवेत ठेवून तोलली असती, ४० च्या आत-बाहेर काउंट दाखवला असता आणि क्लेम परत आला असता. खरी तक्रार वजनाची होती. कोनमधलं १.२३८ किलो हे १०.३ टक्के ओलाव्याचं. ८.५ टक्क्यांवर आणलं तर ते १.२१८ होतं. चिठ्ठी १.२५० ची. कोनला ३२ ग्रॅम कमी, ४८० कोनला १५ किलोच्या वर. त्यातले १२ ग्रॅम बारदानाचे आणि २० पाण्याचे. पाणी मुद्दाम घातलं असं मी म्हणणार नाही. गिरण्या कोनला वाफ देतात, त्याने पीळ बसतो आणि सूत वार्पिंगला कमी तुटतं, आम्हालाही ते हवंच असतं. वाफेनंतर ओलावा वाढतो. फक्त त्या वाढीव ओलाव्यासकट वजन बिलात लागायला नको. व्यापाऱ्याने वजनाच्या तक्रारीचं पत्र बारदानाच्या आणि भट्टीच्या आकड्यांसकट पाठवलं आणि तेवढ्या वजनाचे पैसे पुढच्या बिलात वळते झाले.

अडकलेला बीम

तोवर क्रील तसंच उभं होतं. दहावा बीम ५,७०० ला सोडून द्यावा तर नऊ बीमवरचे २,७०० मीटर वाया. हिशेब केला: ९ × ४८० × २,७०० मीटर, म्हणजे सुमारे १७५ किलो सूत. आणि दहावा बीम पुरा करायला लागणारं सूत अवघं वीस किलो! गोदामात शंभर किलो त्याच लॉटचं पडलेलं. अडचण सुताची नव्हती, नगांची होती. तार ४८० हवेत आणि कोन होते ८०.

मार्ग एकच होता. त्या ८० मधले अठरा कोन वाइंडिंगला लावले आणि रिकाम्या पुठ्ठ्यांवर प्रत्येकी २,८०० मीटरचे, बेचाळीस ग्रॅमच्या आसपासचे, ४८० छोटे कोन करून घेतले. एक पाळी गेली. मग क्रीलवरचे सगळे कोन बदलून ४८० गाठी मारल्या. गाठी एकाच रेषेत येणार हे माहीत होतं. त्या जागी बीममध्ये रंगीत कागदाची पट्टी सोडली आणि सायझरला सांगितलं, म्हणजे त्याने तिथे खूण केली आणि विणकराला तेवढं कापड तोडून बाजूला काढता आलं. क्रीलवरून उतरलेल्या कोनांवर सरासरी साडेआठशे मीटर होतं, सगळं मिळून सहा किलोच्या वर. ते वाइंडिंगला जोडून बाण्याला वापरलं.

सुरुवातीलाच नीट मोजलं असतं तर किती मीटरचा सेट लिहायला हवा होता? हलक्या कोनची लांबी ८१,३००, त्यातून सुरुवातीची ओढ आणि गाठींसाठी पाचशे मीटर वजा, राहिले ८०,८००, म्हणजे बीमला ८,०८०. मग कोनवर सरासरी चौदाशे मीटरजवळ बाकी राहिली असती, एकूण दहा किलो. दहा किलो बाकी मी आनंदाने पत्करतो. दोन दिवस बंद क्रील त्याहून महाग पडतं.

यात एक मर्यादा मात्र आहे. आजकालची वाइंडिंग मशीन कोन लांबी मोजून तोडतात, वजन बघून नाही. अशा कोनांत भारी कोन म्हणजे लांब कोन असं धरता येत नाही, तो नुसता जाड सुताचा किंवा जास्त ओला असू शकतो. आपण हलका कोन धरतो आणि काउंट मात्र सरासरी लावतो, त्यामुळे उत्तर थोडं कमीकडे झुकतं. सेट लिहायला तो झुकाव सोयीचा आहे. पण तेच उत्तर क्लेमच्या पत्रात घालू नये, तिथे सरासरी वजन आणि सरासरी काउंटच हवा.

दुहेरी सुतालाही हाच हिशेब लागतो, फक्त २/४० लिहिलेलं असेल तर सूत्रात २० घालायचे. पीळ देताना सूत किंचित आखडतं, म्हणून प्रत्यक्ष काउंट २० पेक्षा थोडा जाडच भरतो, आणि लांबीही तेवढी कमी. तिथे चिठ्ठीवर भरवसा ठेवण्यात एकेरी सुतापेक्षा जास्त धोका आहे. पॉलिस्टरला डेनिअर असतं, ९,००० मीटरचं ग्रॅममधलं वजन. १५० डेनिअरचे किलोला ६०,००० मीटर. पॉलिस्टर पाणी धरतच नाही म्हणण्याइतकं कमी धरतं, त्यामुळे तिथे बारदान सोडून फारसं काही फसवत नाही.

लडीचं मात्र उलटं असतं. हातमागाला सूत लडीत जातं आणि त्यात पुठ्ठा नाही, म्हणून बारदानाचा प्रश्न नाही. दहा पौंडांच्या, म्हणजे ४.५३६ किलोच्या गठ्ठ्यात ४० काउंटच्या ४०० लडी हव्यात, ३,३६,००० यार्ड, मीटरमध्ये तीन लाख सात हजार. एक लड ११.३४ ग्रॅमची. इथे वजन बरोबर भरतं आणि लडीही ४०० मोजून मिळतात, तरी लांबी कमी असू शकते: सूत जाड आणि लडीतले फेरे कमी. काट्याला हे कळत नाही. लड खुंटीवर ताणून घेर मोजायचा, तो ५४ इंच हवा, आणि एका लीचे फेरे मोजायचे, ते ८० हवेत. सोलापूर भागातला एक वयस्क विणकर मला म्हणाला होता, "आम्ही लड तोलत नाही साहेब, मोजतो." त्याने गठ्ठ्याच्या मधली एक लड ओढून गुडघ्यावर टाकली आणि बांधलेल्या दोऱ्यापासून पुढे अंगठ्याने फेरे सारत मोजले. त्या लीत ७७ निघाले.

आता आमच्याकडे सूत आलं की पोतं उघडल्याबरोबर वीस कोन काट्यावर जातात, रिकामा पुठ्ठा आणि पिशवी शेजारी तोलली जाते, आणि लीसाठी झिप पिशव्यांचं पाकीट रीलच्या खुंटीलाच टांगलेलं असतं. वार्परच्या कागदावर चिठ्ठीचं वजन मी लिहीत नाही. त्या रकान्यात हलक्या कोनचं निव्वळ वजन असतं आणि त्याच सकाळी काढलेला काउंट.